भाजलेले बीट बाहेरून मऊ आणि आतून कडक का राहते : फॉइल, उघडा ट्रे आणि सुरीची परीक्षा

अख्खे बीट फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये भाजायला ठेवले, पाककृतीत सांगितल्याप्रमाणे २०० अंशांवर तासभर ठेवले, बाहेर काढून सुरी टोचली तर ती सहज आत गेली, आणि तरीही साल काढून चिरताना मधला भाग कच्च्या बिटासारखा करकरीत निघाला, ही तक्रार ओटीजी वापरणाऱ्या घरांत वारंवार ऐकू येते. पुढच्या वेळी वेळ दहा मिनिटे वाढवली जाते, क्वचित तापमान २२० अंशांवर नेले जाते, पण बिटाचा रस ट्रेवर जळण्यापलीकडे फारसा फरक पडत नाही. गाजरांची तक्रार थोडी वेगळी असते. त्यांचे शेंडे काळे पडतात, पण देठाकडची जाड बाजू दाताखाली कडक लागते. या दोन्ही तक्रारींची कारणे एकमेकांना लागून आहेत आणि ती शोधायला सुरीच पुरते, फक्त ती नीट टोचता आणि तिचे उत्तर नीट वाचता आले पाहिजे.

बीट मऊ होते म्हणजे नेमके काय होते

बिटाच्या आणि गाजराच्या पेशींच्या भिंती एकमेकींना चिकटून राहतात त्या मुख्यतः पेक्टिनमुळे. हे पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या पुढे विरघळू लागते आणि ९० ते ९५ अंशांवर काही काळ टिकून राहिले की भाजी मऊ होते. ओव्हनची हवा २०० अंशांची असली तरी बिटाच्या आत पाणी असल्यामुळे त्याचा गाभा १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे ओव्हनचे काम एवढेच, की सालीपासून आत सरकणारी उष्णता गाभ्याला नव्वदीच्या पुढे नेईल आणि तिथे दहा-पंधरा मिनिटे थोपवून धरेल. पाककृतीत लिहिलेला वेळ हा या प्रवासाचा वेळ असतो, आणि प्रवास किती लांब हे बिटाच्या जाडीवर ठरते.

इथेच बहुतेक हिशेब चुकतात. उष्णता घट्ट पदार्थात आत सरकते तेव्हा लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो. सहा सेंटिमीटर व्यासाचे, सुमारे १२० ग्रॅमचे बीट खऱ्या २०० अंशांवर फॉइलमध्ये ५० ते ६० मिनिटांत होते. साडेआठ सेंटिमीटर व्यासाचे बीट दिसायला दीडपटच मोठे वाटते, पण त्याचे वजन ३०० ग्रॅमच्या पुढे असते आणि त्याला दीड तास ते पावणेदोन तास लागू शकतात. लिंबाएवढी कोवळी बिटे मात्र ३५ ते ४० मिनिटांत तयार होतात. आपल्या बाजारात एकाच ढिगात हे तिन्ही आकार मिळतात, त्यामुळे ‘चार बिटे, एक तास’ ही सूचना तशीच उचलण्यात अर्थ नाही. बीट ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी त्याच्या सर्वांत जाड भागाची जाडी पट्टीने मोजून घ्यावी, याला अर्धे मिनिटही लागत नाही.

कमी तापमानाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. ५० ते ७० अंशांच्या दरम्यान बीट आणि गाजर यांच्या पेशींमधले एक विकर कामाला लागते आणि पेक्टिनमध्ये असा बदल घडवते, की भाजीतल्याच कॅल्शियमशी जोडले जाऊन ते अधिक घट्ट बनते. भाजी या पट्ट्यात फार वेळ रेंगाळली तर पुढे कितीही तापवली तरी ती लवकर मऊ होत नाही. अर्धवट भाजलेले मोठे बीट बंद ओव्हनमध्ये निवत ठेवले की त्याचा गाभा नेमका याच पट्ट्यात बराच काळ राहतो. म्हणूनच ‘थोडे कच्चे राहिले आहे, आतल्या उबेत शिजेल’ हा भरवसा मोठ्या बिटाच्या बाबतीत खोटा ठरतो. १५० अंशांवर हळूहळू भाजण्याचा सल्लाही मी अख्ख्या बिटासाठी देणार नाही. केक मंद आचेवर चांगला होतो, बिटाला मात्र तो पट्टा लवकर ओलांडून जाणे मानवते.

सुरी कुठे आणि कशी टोचावी

सुरीची परीक्षा फसते ती बहुधा तीन कारणांनी: सुरी चुकीची असते, जागा चुकीची असते किंवा खोली अपुरी असते. यासाठी अरुंद आणि पातळ पात्याची लहान सुरी घ्यावी, फळे सोलायला वापरतो तशी. जाड पात्याची सुरी पाचरीसारखी अडकते आणि शिजलेले बीटही कडक भासवते. उलट टूथपिक किंवा बांबूची बारीक काडी कच्च्या बिटातही जोर लावून शिरते आणि शिजल्याचा आभास निर्माण करते. केक पाहायला काडी ठीक आहे, पण बिटाच्या घट्टपणाचा अंदाज तिच्याने येत नाही.

सर्वांत मोठे बीट निवडावे, फॉइल वरून उघडावी आणि सुरी देठाच्या बाजूने, देठाच्या बुडख्याला लागून, सरळ खाली घालावी. बीट देठाकडे रुंद आणि शेंड्याकडे निमुळते असते. शेंड्याकडून किंवा कडेने तिरकी टोचलेली सुरी गाभ्याला न भिडताच पलीकडे जाते आणि खोटे समाधान देते. पाते किती खोल जायला हवे हे आधीच ठरवावे. सहा सेंटिमीटरच्या बिटात निदान तीन सेंटिमीटर आणि साडेआठच्या बिटात सव्वाचार सेंटिमीटर पाते आत गेले नाही, तर गाभ्याची परीक्षा झालेलीच नाही. पात्यावर तेवढ्या अंतरावर अंगठा धरला की अंदाज चुकत नाही.

आता उत्तर कसे वाचायचे ते पाहू. सुरी आत जाताना हाताला काय जाणवते ते महत्त्वाचे असतेच, पण तिचा वेग कुठे बदलतो ते अधिक महत्त्वाचे असते. पाते पहिले दोन सेंटिमीटर अलगद गेले आणि मग जणू पायरी लागावी तसे अडले, तर बाहेरचे वेष्टन शिजले आहे आणि गाभा अजून राहिला आहे. पायरी जितकी आत, तितके काम कमी उरलेले. पाते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच, हलक्या विरोधाने गेले, तर बीट झाले आहे किंवा होण्याच्या बेतात आहे. मग सुरी सरळ वर ओढावी. बीट पात्याबरोबर उचलले जाऊन हवेत लटकले तर त्याला आणखी वेळ हवा, आणि पाते मोकळे सुटून बीट जागीच राहिले तर ते झाले. आत जाणाऱ्या सुरीपेक्षा बाहेर येणाऱ्या सुरीवर मी जास्त विश्वास ठेवते, कारण आत घालताना आपला हात नकळत जोर लावतो, ओढताना मात्र तो जोर कामी येत नाही.

एकाच बिटाला पुन्हा पुन्हा भोके पाडू नयेत. प्रत्येक छिद्रातून रस बाहेर येतो, फॉइलच्या तळाशी साचतो आणि त्यातली साखर करपते. अपेक्षित वेळेच्या दहा मिनिटे आधी एकदा आणि मग पायरी कुठे लागली त्यानुसार पुढची परीक्षा केव्हा ते ठरवावे. पायरी अगदी गाभ्यापाशी असेल तर दहा-बारा मिनिटे, अर्ध्यावर असेल तर निदान अर्धा तास. दुसऱ्या वेळी सुरी पहिल्याच छिद्राच्या शेजारून घालावी, त्या छिद्रातून नव्हे. जुन्या छिद्रातून ती कच्च्या बिटातही विनासायास जाते.

खोचून ठेवण्याचा तापमापक असेल तर त्याचे टोक गाभ्यात ठेवून ९३ ते ९५ अंश पाहावेत. तापमापक असला तरी शेवटचा कौल मी सुरीलाच देते, कारण जून बीट ९५ अंशांवरही कोवळ्यासारखे मऊ होत नाही.

एका ओव्हनची हकिगत

पुण्यात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीकडे मध्यम आकाराचा ओटीजी आहे. दह्यातल्या कोशिंबिरीसाठी ती बीट उकडण्याऐवजी भाजून घेते, कारण भाजलेल्या बिटाला पाणी सुटत नाही आणि दही पातळ होत नाही. तिची तक्रार अगदी वर सांगितलेलीच होती: “ताई, तासाभराने सुरी आत जाते, पण चिरले की मधोमध रुपयाएवढा गोळा कच्चा. दुसऱ्या दिवशी परत वीस मिनिटे ठेवले, तरी तो गोळा तसाच.”

तिने तीन मोठी बिटे एकाच फॉइलच्या पुडीत एकमेकांना चिकटवून बांधली होती. प्रत्येकाची जाडी मोजली तेव्हा ती साडेआठच्या आसपास भरली. म्हणजे पहिला दोष वेळेचा होता. ज्या बिटांना दीड तासाच्या वर हवे होते त्यांना एक तास मिळाला होता. एकत्र बांधल्याने त्यात भरच पडली, कारण चिकटलेल्या बाजूंनी उष्णता आत येत नाही आणि मधली बाजू सर्वांत शेवटी तापते.

दुसरा दोष ओव्हनच्या घड्याळाचा होता आणि तो सहज लक्षात येण्यासारखा नव्हता. पुष्कळ ओटीजींची फिरती घुंडी जास्तीत जास्त ६० मिनिटांची असते. घंटा वाजली की रॉड बंद होतात. ती घंटा वाजल्यावर लगेच उठत नसे, हातातले काम आटोपून पंधरा-वीस मिनिटांनी ओव्हन उघडत असे, आणि सुरी पहिल्या दोन सेंटिमीटरांत अलगद गेलेली पाहून बिटे तशीच आत निवू देत असे. त्या वेळात गाभा आधी सांगितलेल्या त्या घट्ट करणाऱ्या पट्ट्यात अडकून राहत होता. दुसऱ्या दिवशीची वीस मिनिटे वाया जाण्याचे कारणही हेच: फ्रीजमधून काढलेल्या थंड बिटाचा गाभा वीस मिनिटांत नव्वदीपर्यंत पोचणेच शक्य नव्हते, आणि पोचला असता तरी आदल्या दिवशी घट्ट झालेले पेक्टिन सहजासहजी सुटले नसते.

तिसरा दोष तापमानाचा होता. घुंडी २०० वर होती, पण जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन-तापमापक आत ठेवून पाहिला तेव्हा काटा १७० च्या आसपास फिरत होता. घरगुती ओटीजीत इतका फरक आढळणे मुळीच नवलाचे नाही. शिवाय तापल्याची खूण देणारा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली एवढेच खरे, पत्र्याच्या भिंती आणि ट्रे अजून थंडच असतात, आणि दार उघडताक्षणी ती हवा निघून जाते. दिवा विझल्यानंतर आणखी दहा मिनिटे ओव्हन रिकामा तापू द्यावा, हा तिच्या घरी झालेला सर्वांत छोटा आणि सर्वांत उपयोगी बदल.

पुढच्या खेपेला तिने सहा ते साडेसहा सेंटिमीटरची चार बिटे आणली. देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून पाने कापली, शेपूट तसेच ठेवले, माती धुऊन साल न काढता प्रत्येक बीट वेगळ्या फॉइलमध्ये गुंडाळले. घुंडी २३० वर ठेवली, म्हणजे आत खरे २०० मिळाले. वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवून ट्रे मधल्या खाचेत सरकवला. पन्नासाव्या मिनिटाला सुरीला पायरी लागली ती गाभ्याच्या अगदी जवळ. तेव्हाच घुंडी पुन्हा फिरवून पंधरा मिनिटे वाढवली, घंटा वाजण्याची वाट पाहिली नाही. पासष्टाव्या मिनिटाला सुरी मोकळी सुटली. बिटे फॉइलमध्येच वीस मिनिटे बाहेर ठेवली, आणि कोमट असताना जाड फडक्यात धरून चोळल्यावर साल हातात आली. ही साल सुटणे म्हणजे सुरीनंतरची दुसरी साक्ष आहे. नीट झालेल्या बिटाची साल सरकते, आणि जिथे ती चिकटून राहते तिथे बीट कच्चे तरी असते किंवा वाळलेले तरी.

फॉइल की उघडा ट्रे

फॉइलमध्ये बीट खऱ्या अर्थाने भाजले जात नाही, स्वतःच्या वाफेत शिजते. सालीभोवतीची हवा दमट राहते, त्यामुळे ती वाळत नाही, रस आत राहतो आणि रंग गडद राहतो. मात्र खरपूसपणा येत नाही, कारण त्यासाठी पृष्ठभाग कोरडा होऊन १०० अंशांच्या बराच वर जावा लागतो. फॉइल घट्ट मिटली पाहिजे. बिटाच्या टोकदार शेपटाने पातळ फॉइलला भोक पडले की वाफ तिथून निसटते, एक बाजू वाळते आणि गळालेला रस ट्रेवर काळा होतो. शेपूट वळवून खाली दाबावे किंवा फॉइलचे दोन पदर घ्यावेत. चकचकीत बाजू आत की बाहेर याने काहीही बिघडत नाही. बाजारात चार-सहा दिवस पडून थोडी लिबलिबीत झालेली बिटे असतील तर पुडी मिटण्यापूर्वी आत दोन चमचे पाणी शिंपडावे, नाहीतर वाफेला पुरेसे पाणीच मिळत नाही. फॉइलच्या पुड्या थेट जाळीवर ठेवू नयेत, खाली ट्रे असावाच. खालच्या रॉडवर पडलेला बिटाचा रस धूर करतो आणि तो वास आठवडाभर जात नाही.

ज्यांच्याकडे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे त्यांनी फॉइल फक्त कन्व्हेक्शनवर आणि तीही सोबतच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच वापरावी. मायक्रोवेव्हच्या किंवा दोन्हींच्या मिश्र प्रकारावर फॉइल घातली तर ठिणग्या उडतात. त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचे काचेचे, ओव्हनमध्ये चालणारे भांडे हा चांगला पर्याय आहे. आत तीन-चार चमचे पाणी घातले की परिणाम फॉइलसारखाच मिळतो, वेळ मात्र दहा मिनिटे जास्त धरावा.

उघड्या ट्रेत ठेवलेल्या अख्ख्या बिटाचे वेगळे होते. सालीतून सतत पाणी उडते, आणि पाणी उडताना पृष्ठभाग थंड राहतो, म्हणून आत जाणारी उष्णता कमी पडते. तासाभराने साल सुरकुतून वातड होते, तिच्याखालचा काही मिलिमीटरचा थर आक्रसून चिवट होतो, आणि गाभा शिजायला जास्तच वेळ लागतो. गाभा शिजल्यावर इथे सुरीचे उत्तर उलटे येते: सुरुवातीलाच जोर लागतो आणि आत गेल्यावर ती सैल होते. याचा अर्थ बीट कच्चे आहे असा घेऊन वेळ वाढवला, तर वातडपणाच वाढतो. सुरीला बाहेर विरोध आणि आत मोकळीक असेल तर बीट वाळले आहे, शिजायचे राहिलेले नाही. ज्यांना खरपूस कडा हव्या आहेत त्यांनी बीट आधी फॉइलमध्ये पूर्ण करून घ्यावे, साल काढून त्याच्या जाड फोडी कराव्यात, तेल लावून २२० अंशांवर उघड्या ट्रेत बारा-पंधरा मिनिटे भाजाव्यात. अख्ख्या बिटावरच दोन्ही कामे एकदम उरकण्याचा प्रयत्न मला तरी कधी पटलेला नाही.

गाजराला उघडा ट्रे का चालतो

गाजर बारीक असते. दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीच्या गाजराच्या गाभ्यापर्यंत उष्णता वीस-पंचवीस मिनिटांत पोचते, म्हणजे बाहेरचा भाग वाळून चिवट होण्यापूर्वीच आतले काम होते. म्हणून बिटाला नडणारा उघडा ट्रे गाजराला मानवतो. जाडी तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की मात्र गाजरही बिटासारखे वागू लागते. अशा वेळी ट्रेवर पहिली पंधरा मिनिटे फॉइल झाकून २०० अंशांवर ठेवावे, मग फॉइल काढून २२० अंशांवर आणखी वीस मिनिटे भाजावे. दोन्ही गरजा अशा क्रमाने भागतात.

शेंडे करपण्याचा उपाय मांडणीत आहे. जाड बाजू ओव्हनच्या मागच्या भिंतीकडे आणि शेंडे दाराकडे ठेवावेत, कारण बहुतेक ओटीजी दारापाशी थंड असतात. पेन्सिलीसारखा उरलेला शेंडा सरळ कापून टाकावा. गाजरे एकमेकांना चिकटली तर त्यांची वाफ मध्ये कोंडते आणि ती भाजली न जाता ओलसर, फिकट राहतात, तेव्हा दोन गाजरांत बोटभर जागा हवी. लहान ट्रेत एक किलो गाजरे कोंबण्यापेक्षा दोन खेपा कराव्यात.

गाजराची सुरी-परीक्षा देठाच्या टोकापासून बोटभर अंतरावर आडवी करावी, म्हणजे पाते मधल्या दांड्यातून आरपार जाईल. बाहेरचा भाग आणि दांडा यांची रचना वेगळी असते, म्हणून इथेही पायरी लागू शकते. पाते दांड्यापाशी अडले आणि बाहेरचा भाग आधीच लोण्यासारखा झाला असेल, तर गाजर जून आहे. हिवाळ्यातली लाल गाजरे रसाळ असल्याने लवकर मऊ होतात आणि तितक्याच लवकर आक्रसतात, त्यांची पहिली परीक्षा वीस मिनिटांनी करावी. वर्षभर मिळणाऱ्या केशरी गाजरांना तीस ते चाळीस मिनिटे धरावीत. बिटात सुरी पूर्ण मोकळी सुटायला हवी, गाजरात किंचित विरोध उरलेला बरा. तो ट्रेवरच्या उबेत पाच मिनिटांत जातो, कारण इथे गाभा लहान आहे आणि तो आधीच तापलेला असतो.

वेळ वाढवूनही उपयोग होत नाही तेव्हा

कधी कधी सर्व काही बरोबर करूनही सुरी अडते. अशा वेळी ती कशी अडते ते लक्ष देऊन पाहावे. पात्याला खरखर लागत असेल, दोऱ्यासारखे काही तुटत असल्याचे जाणवत असेल आणि आणखी अर्ध्या तासानेही त्यात फरक पडला नसेल, तर बीट निबर आहे. त्यातले तंतू लाकडासारखे झालेले असतात आणि ओव्हनच्या तापमानाला ते विरघळत नाहीत. असे बीट घेतानाच ओळखू येते: देठाकडची मान लांब आणि खरबरीत असते, अंगावर बारीक मुळांचे केस असतात, वरच्या बाजूला भेगा असतात आणि आकाराच्या मानाने ते हलके लागते. गुळगुळीत, जड आणि बारीक शेपटाचे बीट घ्यावे. चिरल्यावर पांढरट वलये दिसली म्हणून मात्र बीट निबर समजू नये. उन्हाळ्यात वाढलेल्या बिटांत ती येतात आणि कोवळ्या बिटातही असू शकतात.

दुसरे कारण आंबटपणा. भाजण्यापूर्वी बिटाच्या किंवा गाजराच्या फोडींना लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा दही चोळले तर पेक्टिन विरघळण्याचे काम मंदावते आणि फोडी वेळेत मऊ होत नाहीत. अख्ख्या, न सोललेल्या बिटाला याचा त्रास कमी, पण सोललेल्या गाजराला निश्चित होतो. तेल, मीठ, जिरेपूड आधी लावावी, आंबट जे काही असेल ते ताटात घेताना. आंबट-खारट मसाला लावलेला पदार्थ उघड्या फॉइलला लागून तासभर राहिला तर फॉइलही कुरतडली जाते, तेव्हा मध्ये बेकिंग पेपर घालावा.

उरला प्रश्न तो जेवणाची वेळ झालेली असताना गाभा कच्चा निघाल्याचा. तेच अख्खे बीट परत आत ठेवू नये, कारण उष्णतेला पुन्हा तेवढेच अंतर कापावे लागते. ते कच्च्या गाभ्यातूनच चिरून चार फोडी कराव्यात, म्हणजे जो भाग सर्वांत आत होता तो आता कडेला येतो. फोडी कच्ची बाजू वर करून ट्रेत मांडाव्यात, दोन चमचे पाणी शिंपडावे, वरून फॉइल घट्ट लावावी आणि आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर वीस मिनिटे ठेवून सुरी कच्च्या असलेल्या टोकात टोचून पाहावी. ओव्हन तोवर निवला असेल तर त्याच फोडी कुकरमध्ये बिनापाण्याच्या डब्यात घालून दोन शिट्ट्या काढाव्यात. कोशिंबिरीसाठी हे पुरते, फक्त डब्यात सुटलेला रस दह्यात न घालता वेगळा ठेवावा.